एक कंपनी बुडाली, खुर्ची दुसरीकडची गेली

कंधार तालुक्यात सोयाबीन आणि तुरीच्या व्यवहारासाठी शेतकरी उत्पादक कंपनी काढायची, तर दहा शेतकरी सभासद आणि किमान पाच संचालक लागतात. संचालक होताना कागदावर सही करणाऱ्याला पुढचे नियम सहसा कोणी सांगत नाही. ते आधी सांगायला हवेत, कारण या सहीचा परिणाम त्याच कंपनीपुरता राहत नाही.

कंपनी कायदा २०१३च्या कलम १६४नुसार दिवाळखोर, किंवा गुन्ह्यात सहा महिने वा अधिक शिक्षा झालेली व्यक्ती अपात्र ठरते. ही कारणे व्यक्तीच्या स्वतःच्या वर्तनाची. याच कलमाचे दुसरे पोटकलम मात्र कंपनीच्या चुकीसाठी संचालकाला धरते. कंपनीने सलग तीन आर्थिक वर्षांचे ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र भरले नाही, की त्या काळात संचालक असलेल्याला पाच वर्षे कोणत्याही कंपनीत नवी नेमणूक मिळत नाही. सप्टेंबर २०१७मध्ये केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने याच तरतुदीखाली तीन लाखांहून अधिक संचालकांना एका झटक्यात अपात्र ठरवले.

समजा, एक शेतकरी गावच्या बंद पडलेल्या कंपनीत संचालक आहे आणि नांदेडच्या एका चालू, नियमित कंपनीतही. पहिलीची तीन वर्षांची विवरणपत्रे थकली. कलम १६७मध्ये ७ मे २०१८पासून लागू झालेली दुरुस्ती सांगते, की अशा वेळी त्याचे पद दुसऱ्या कंपनीतून आपोआप जाते. ज्या कंपनीने चूक केली, तिथे मात्र तो राहतो. हे उलटे वाटेल, पण तर्क असा की तिथून सगळेच गेले तर थकलेली कागदपत्रे भरणार कोण? उत्पादक कंपन्यांच्या स्वतंत्र प्रकरणातील कलम ३७८क्यू मात्र याच चुकीसाठी त्याच कंपनीतले पदही काढून घेते. म्हणजे आपल्या शेतकऱ्यावर दोन्हीकडून घाव.

४ नोव्हेंबर २०१९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने मुकुट पाठक प्रकरणात ही दुरुस्ती मागच्या काळाला लागू नसल्याचे म्हटले. अपात्रतेपूर्वी नोटीस देणे बंधनकारक नाही, असेही त्याच निकालात आहे. इथेच आमचा आक्षेप आहे. नांदेडच्या कंपनीला, आपल्या संचालकाचे पद गेले हे कित्येकदा बँकेत सही अडली तेव्हाच कळते. पद गेल्याचे माहीत असूनही काम चालू ठेवले, तर एक ते पाच लाखांचा दंड आहे. कायदा इतका कठोर असेल, तर पूर्वसूचना न देण्याला कारण उरत नाही.

उशिराचे शुल्क प्रत्येक अर्जामागे दिवसाला शंभर रुपये. म्हणजे एका अर्जाच्या वर्षभराच्या विलंबाला छत्तीस हजार पाचशे. बंद कंपनी हे कुठून भरणार? म्हणून तिसरे वर्ष लागण्याआधीच ती रीतसर बंद करण्याचा अर्ज करावा. मंत्रालयाने संचालकाला आणि तो जिथे जिथे काम करतो त्या प्रत्येक कंपनीला, तिसऱ्या वर्षाची मुदत संपण्यापूर्वी सूचना पाठवण्याची सक्ती स्वतःवर घालून घ्यावी.