घरच्या मीटरवर ९९, लॅबमध्ये १२२: कोलेस्टेरॉलचा हा फरक येतो कुठून?

ब्लड शुगरच्या मीटरसारखे कोलेस्टेरॉल मीटरही आता ऑनलाइन सहज मिळतात. बोटाला सुई टोचायची, थेंब स्ट्रिपवर ठेवायचा, दोन-तीन मिनिटांत आकडे स्क्रीनवर. आमच्याकडेही असा मीटर आला आणि पहिल्याच रविवारी बाबा खुश! एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९९. "अरे बघ, शंभरच्या आत आलं. आता ती रात्रीची गोळी बंद करू या."

मी म्हटलं, थांबा. बाबा उपाशीपोटीच होते, म्हणून तासाभरात जवळच्या लॅबमध्ये शिरेतून रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आला: एलडीएल १२२. एकाच सकाळचं रक्त आणि फरक २३ चा.

मीटर खराब आहे का? दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले तेव्हा वेगळीच गोष्ट कळली.

हे मीटर तीन गोष्टी मोजतात: एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स. स्ट्रिपमधला पडदा लाल पेशी अडवतो, उरलेल्या द्रवाची एन्झाइम्सशी प्रक्रिया होऊन रंग येतो आणि मीटर त्या रंगावर प्रकाश टाकून आकडा काढतो. एलडीएल मात्र बहुतेक मीटर मोजतच नाहीत, वजाबाकी करून सांगतात:

```
LDL = TC - HDL - (TG / 5)
```

यात `TC` म्हणजे एकूण कोलेस्टेरॉल आणि `TG` म्हणजे ट्रायग्लिसराइड्स. हे फ्रिडवाल्ड यांचं १९७२ चं सूत्र. आमच्या लॅबनेही तेच वापरलं होतं, म्हणजे सूत्रात फरक नव्हता, फरक होता आत घातलेल्या आकड्यांत.

लॅबचे आकडे (सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर): एकूण २००, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड्स १७०. म्हणून २०० − ४४ − ३४ = १२२.
मीटरचे आकडे: एकूण १८६, एचडीएल ४६, ट्रायग्लिसराइड्स २०५. म्हणून १८६ − ४६ − ४१ = ९९.

एकूण कोलेस्टेरॉलमधली चूक फक्त ७ टक्के आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कोलेस्टेरॉल कार्यक्रमाने ठरवलेली मर्यादा ८.९ टक्के, म्हणजे हा आकडा 'पास' आहे. पण तिन्ही चुकांनी एलडीएल एकाच दिशेला, खाली ओढलं. १४, २ आणि ७ मिळून २३. सात टक्क्यांची चूक वजाबाकीतून बाहेर पडताना १९ टक्के झाली. एलडीएलसाठी मर्यादा १२ टक्के आहे.

मग चुका आल्या कुठून? मी बाबांना विचारलं, टोचण्याआधी काय केलं होतं? थेंब नीट येत नव्हता म्हणून बोट जोरात पिळलं होतं. पिळल्यावर रक्तात पेशींभोवतालचं पाणी मिसळतं आणि कोलेस्टेरॉल कमी दिसतं. शिवाय सकाळी हाताला ग्लिसरीनवालं क्रीम लावलं होतं. ट्रायग्लिसराइड्सची चाचणी रेणू फोडून त्यातलं ग्लिसरॉल मोजते आणि ग्लिसरीन म्हणजे ग्लिसरॉलच! क्रीममुळे ट्रायग्लिसराइड्स वाढले आणि सूत्रात ते वजा होत असल्यामुळे एलडीएल आणखी घसरलं.

लॅबमधून परत आल्या आल्या, काही खाण्याआधी, बाबांनी गंमत म्हणून पुन्हा एकदा तपासलं होतं. या वेळी साबणाने हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, दुसऱ्या बोटातून, न पिळता. आकडे आले १९४, ४५ आणि १७६. हिशेब: १९४ − ४५ − ३५ = ११४. फरक २३ वरून ८ वर आला. हा उरलेला फरक मात्र हात कितीही धुतले तरी जाईलच असं नाही. मीटर आणि स्ट्रिपची स्वतःची चूक असतेच.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की हे सूत्र चालत नाही. अशा वेळी स्क्रीनवर एलडीएलच्या जागी आकडा नसेल तर मीटर बिघडला असं समजू नका, तो बरोबर वागतोय.

मीटर फेकून द्यायचा का? नाही. घरात कुणाचं एकूण कोलेस्टेरॉल २६० आलं, तर सात टक्के इकडेतिकडे झाले तरी ते जास्तच आहे, लॅबमध्ये जायला ते कारण पुरेसं आहे. पण ९९ की १२२ असा प्रश्न असेल आणि त्यावर गोळी ठरणार असेल, तर मीटरच्या एलडीएलवर भरवसा ठेवू नका. आकडा विचित्र वाटला तर आधी तिन्ही मूळ आकडे बघा, ट्रायग्लिसराइड्स नेहमीपेक्षा अचानक वाढलेत का ते तपासा, हात धुऊन पुन्हा टोचा.

बाबांची गोळी चालू आहे. लॅबचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवला, तर ते म्हणाले, "बरं झालं बंद नाही केलीत."