मथळ्यातला वाघ

आयुष्याची बरीच वर्षे मी एका दैनिकाच्या कचेरीत बातम्यांना मथळे देण्यात घालवली. हा धंदा शिंप्यासारखा आहे. कापड ठरलेले, अंग ठरलेले, आणि तक्रार मात्र नेहमी शिंप्याच्या नावाने! दोन कॉलमांत बसेल एवढाच मथळा हवा, त्यात गावाचे नाव हवे, आणि वाचकाने खालची बातमी वाचावी एवढी चुटपूटही हवी. निवृत्त होऊन चंद्रपूरला आलो तेव्हा वाटले, सुटलो! पण आमचा भाचा ताडोबाच्या सफारीचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. गेल्या डिसेंबरात एक दिवस तो लॅपटॉप घेऊन समोर बसला आणि म्हणाला, "मामा, चित्रण झकास झालंय. नाव तेवढं तुम्ही द्या."

चित्रण खरेच झकास होते. मोहर्ली दरवाजातून सकाळची फेरी. एक वाघीण रस्त्याच्या मधोमध बसलेली आणि दोन्ही बाजूंना जिप्सी खोळंबलेल्या. काही केल्या बाईसाहेब उठेनात. चौथ्या मिनिटाला गाइडने गाड्या मागे घ्यायला लावल्या. तशी ती उठली, बांबूकडे तोंड करून हळूच आवाज दिला, आणि दोन पिल्ले तुरुतुरु रस्ता ओलांडून गेली. कोअर क्षेत्रात मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून हे सारे कॅमेऱ्यावर टिपलेले.

भाच्याने स्वतः दोन नावे करून आणली होती. पहिले असे : "बापरे!!! असा थरार तुम्ही कधीच पाहिला नसेल!!! शेवटपर्यंत पाहा!!!" यात उद्गारचिन्हे नऊ, पण वाघ एकही नाही. "ताडोबा" शोधणाऱ्या माणसापुढे हा व्हिडिओ यायचा कसा? दुसऱ्या नावात त्याने याची पुरेपूर भरपाई केली होती : "ताडोबा सफारी ताडोबा वाघ ताडोबा जंगल चंद्रपूर महाराष्ट्र वाघ व्हिडिओ". हे म्हणजे लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाचे नाव तीनदा छापून मुहूर्त विसरण्यासारखे. यंत्राला विषय कळेल, पण माणसाला पाहावेसे काय वाटेल?

मी आधी जागा मोजायला लावली. यूट्यूब शीर्षकाला १०० अक्षरे देते, पण मोबाइलच्या पडद्यावर बहुधा त्याआधीच ते कापले जाते आणि शेपटाला तीन टिंबे येतात. शिवाय आपली देवनागरी इथे महाग पडते. डोळ्यांना "ताडोबा" तीन अक्षरे दिसतात. यंत्र काना-मात्रा वेगळे धरून सहा मोजते. "रस्त्यात" या लहानशा शब्दाला आठ घरे लागतात. तेव्हा आमचा नियम ठरला की पन्नासाच्या आत आटपायचे आणि लोक जो शब्द शोधतात तो अगदी पुढे ठेवायचा, म्हणजे कात्री लागली तरी तो वाचतो.

मग राहिले कुतूहल. ते बाहेरून आणायचे नसते, चित्रणातच शोधायचे असते. मी भाच्याला विचारले, "तू स्वतः जिप्सीत बसला होतास, तेव्हा मनात काय आलं?" तो म्हणाला, "हेच, की ही उठत का नाही?" झाले, शीर्षक मिळाले :

ताडोबा सफारी : वाघीण रस्त्यात का बसून राहिली?

मोजून पंचेचाळीस. वाघीण पहिल्या दहा सेकंदांतच दिसते, म्हणजे आलेल्या माणसाची फसवणूक नाही. "का" याचे उत्तर चौथ्या मिनिटाला मिळते, म्हणजे थांबण्याला कारण आहे. पिल्लांचा उल्लेख मात्र शीर्षकात येऊ दिला नाही. बातमीत मी तो पहिल्या शब्दात घातला असता; इथे तेच उत्तर आहे.

भाचा मात्र थोडा खट्टू झाला. वाघीण एकदा एका जिप्सीकडे दात दाखवून गुरगुरते, तेवढ्यावर त्याला "वाघिणीचा हल्ला" हे शब्द हवे होते. "लोक तेच शोधतात हो, मामा!" शोधतात, हे खरे. पण आमच्या जिल्ह्यात ते कोण शोधतो? मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाने मारल्या. ज्याच्या घरचे माणूस पहाटेच रानात गेले आहे, तो हे दोन शब्द करमणुकीसाठी टाइप करत नाही. त्याच्या पुढ्यात आमची गुरगुर आणून ठेवायची काय? डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबनेही जाहीर केले की शीर्षकात एक आणि आत भलतेच असे भारतातले व्हिडिओ ते काढून टाकू लागणार आहेत. पण नियम नसता तरी मी तो शब्द लिहू दिला नसता.

शीर्षकात न मावलेले शब्द खालच्या वर्णनात जातात. तिथे ५००० अक्षरांची ऐसपैस जागा असली, तरी उघडल्याशिवाय दिसतात त्या पहिल्या दोन ओळीच. म्हणून पहिल्याच वाक्यात मोहर्ली, कोअर क्षेत्र, डिसेंबर आणि सकाळची फेरी हे सारे घातले. पाणवठ्याचे नाव जाणून बुजून गाळले. पिल्लांच्या आईचा पत्ता सांगितला की दुसऱ्या दिवशी तिथे गाड्यांची जत्रा भरते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडल्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिची पिल्ले अशीच अडवून धरली होती, आणि नागपूरच्या उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली.

व्हिडिओ टाकल्यावर शीर्षक बरे की वाईट हे ओळखायचे कसे? यूट्यूब स्टुडिओत दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. चित्र आणि शीर्षक समोर आल्यावर शेकडा किती लोकांनी ते उघडले, हा पहिला. निम्म्या वाहिन्यांचा हा आकडा दोन ते दहाच्या दरम्यान असतो, असे यूट्यूबच सांगते. पहिल्या तीस सेकंदांनंतर किती लोक टिकले, हा दुसरा. उघडणारे पुष्कळ आणि टिकणारे थोडे, तर शीर्षकाने थाप मारली असे समजावे. उघडणारे थोडे पण आलेले रेंगाळतात, तर माल चांगला आहे आणि पाटी मळकी आहे. मग शीर्षकच बदलून पाहावे. मात्र त्याच वेळी चित्र बदलू नये, नाहीतर गुण कोणाचा हे कळत नाही. कोणते शब्द शोधून लोक आले याचीही यादी तिथे मिळते, आणि ती वाचण्यात मोठी मौज आहे. आमच्याकडे निम्मे लोक रोमन लिपीतून `tadoba safari` लिहून आलेले! तेव्हापासून वर्णनात हे दोन शब्द तसेच्या तसे जातात.

हाच हिशेब सगळीकडे लावू नये. दिवाळी सरली की देसाईगंज-वडशाहून झाडीपट्टीची नाटके गडचिरोली-चंद्रपुरातल्या गावोगावी निघतात आणि रात्रभर चालतात. भाच्याच्या एका मित्राने तसल्या नाटकाचे चित्रण, मंडळींची परवानगी घेऊन, टाकले आणि आमच्याच धर्तीवर नाव दिले : "शेवटी सुनेने काय केले?" ते कोणीच पाहीना. अहो, नाटक पाहणारा नाटकाचे नाव घेऊन येतो! त्याला नाव, "झाडीपट्टी नाटक" हे शब्द आणि गाव एवढे पुरे. कुतूहलाचे काम नाटककाराने आधीच केलेले असते. हे शब्द रोमनमध्ये कोणी `zadipatti` लिहितो, कोणी `jhadipatti`. अशा शुद्धलेखनाच्या गमतींसाठी टॅगचा रकाना उपयोगी. एरवी त्याचे महत्त्व फारसे नाही.

आणि इतक्या लांब चित्रणाच्या वर्णनात अंकांच्या वेळा लिहाव्यात. पहिली वेळ `00:00` असावी आणि निदान तीन नोंदी असाव्यात, म्हणजे पट्टीवर अंक वेगळे पडतात. त्या मित्राने नाव बदलले, वेळा घातल्या, आणि आता म्हातारी मंडळी तिसऱ्या अंकातले गाणे नेमके काढून ऐकतात.