टपटपणाऱ्या व्हॉल्व्हला बूच लावू नका!

सोमवार सकाळ, नऊची मीटिंग आणि बादलीत बर्फासारखं पाणी! गीझरचा लाल दिवा मात्र झोकात सुरू. आमच्या मॉडेलमध्ये तो फक्त वीज आल्याचं सांगतो, पाणी तापतंय असं नाही, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?

संध्याकाळी इलेक्ट्रिशियन काका आले. आधी एमसीबी पाडला, कव्हर उघडलं आणि आत वीज उरलेली नाही याची मीटरने खात्री केली. मग कॉईलच्या वायर सोडवून मल्टिमीटर ओहमवर लावला. काटा २६ च्या आसपास. "२००० वॉटची कॉईल एवढंच दाखवते. तुटली असती तर मीटर हललाच नसता." मग एक पिन कॉईलला, दुसरी टाकीच्या धातूला. इथे मात्र काहीच दिसायला नको. दिसलं तर कॉईल आतून टाकीला लागली आहे, म्हणजे शॉकचा धोका.

कॉईल ठणठणीत, मग गुन्हेगार कोण? थर्मोस्टॅट! पाणी गार असताना त्याचे कॉन्टॅक्ट जुळलेले हवेत, म्हणजे मीटर शून्याजवळ यायला हवा. आमचा उघडाच. कट-आउटचं बटण दाबूनही ढिम्म. नवा थर्मोस्टॅट बसला, टाकी भरल्याची खात्री झाली आणि मगच एमसीबी वर गेला.

मला वाटलं, आलेच आहेत तर दुसरी कटकटही मिटवू. "काका, तो खालचा व्हॉल्व्ह रोज टपटपतो. त्याला एक बूच मारून टाका ना."

काका हसले नाहीत. "ताई, तो टपटपतो म्हणून टाकी शाबूत आहे."

१५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० ला गेलं की साधारण पाव लिटरने फुगतं. गार पाण्याच्या पाइपवरचा हा सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी मागे जाऊ देत नाही, म्हणून टाकीतला दाब वाढतो. ठरावीक मर्यादेपुढे व्हॉल्व्ह तो जादा दाब थेंबाथेंबाने सोडतो. आमचा थर्मोस्टॅट उघडा राहून बिघडला, म्हणून फक्त आंघोळ हुकली. तोच चिकटून बसला असता तर पाणी तापतच राहिलं असतं. तेव्हा आधी कट-आउटने वीज तोडायची, आणि तोही फसला तर शेवटचा रखवालदार हा व्हॉल्व्ह. त्यालाच बूच लावलं तर टाकी फुटू शकते.

"मग टपटप बिघाड कधी समजायची?" मी विचारलं. गीझर बंद, पाणी गार, तरीही सतत गळत असेल तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा बिल्डिंगच्या लाइनचा दाब जास्त आहे. मग व्हॉल्व्ह साफ करायचा किंवा बदलायचा. बंद कधीच करायचा नाही.

आता त्याच्याखाली एक छोटी नळी लावून ती मोरीत सोडलीय. तोंड मात्र उघडंच!