परत गेलेले डबे आणि खात्यातील बाकी

चाकूरच्या एखाद्या किराणा व्यापाऱ्याने लातूरहून सोयाबीन तेलाचे पंधरा किलोचे शंभर डबे मागवले, असे समजू. डब्याचा भाव १,८०० रुपये. मालाचे १,८०,००० आणि पाच टक्के जीएसटीचे ९,००० मिळून बिल १,८९,००० रुपयांचे झाले. संपूर्ण खरेदी टॅलीप्राइममध्ये नोंदली गेली. दुसऱ्या दिवशी आठ डबे गळके निघाले.

हे डबे अजून दुकानातच असले, तरी ते विक्रीयोग्य साठ्यात राहू देऊ नयेत. नाहीतर काउंटरवरचा मुलगा ते सहज विकून मोकळा होईल. म्हणून Stock Journal करून ते ‘नाकारलेला माल’ या स्वतंत्र गोदामात हलवावेत. एकूण साठा शंभरच राहतो, केवळ जागा बदलते. टेम्पो लातूरकडे निघाला की त्याच गोदामातून Rejections Out करावे. आता साठा ब्याण्णव होतो; देण्याला मात्र अजून हात लागलेला नसतो, कारण हे व्हाउचर केवळ मालाचे आहे.

देणे कमी करते ती Debit Note: मालाचे १४,४०० आणि कराचे ७२०, एकूण १५,१२० रुपये. चुका बहुधा येथेच होतात. Rejections Out मध्ये दिलेला ट्रॅकिंग क्रमांक या नोटमध्ये निवडला नाही, तर आठ डबे पुन्हा वजा होतात. पुस्तकात चौऱ्याऐंशी आणि गोदामात ब्याण्णव असा फरक दिसला, की प्रथम हाच क्रमांक तपासावा. छोट्या दुकानात नुसती Debit Note केली तरी साठा कमी होतो. दोन्ही व्हाउचरे करायची असतील, तर ती जोडलेलीच हवीत.

दुसरी चूक बिलाच्या संदर्भाची. Agst Ref घेऊन मूळ बिल निवडले, तर देणे १,७३,८८० राहते. चुकून New Ref घेतल्यास व्यापाऱ्याची एकूण बाकी बरोबर दिसते, पण बिलवार यादीत जुने १,८९,००० तसेच उभे राहतात. मुदत आली की मुनीम ती रक्कम पाहून पूर्ण चेक फाडतो, आणि १५,१२० रुपये पुरवठादाराकडे अडकून बसतात.

कराच्या ७२० रुपयांचे प्रकरण मात्र आपल्या नोटने मिटत नाही. ती आपल्या बाजूची मागणी आहे. पुरवठादाराने जीएसटी कायद्याच्या कलम ३४ नुसार क्रेडिट नोट द्यावी लागते, आणि आपण घेतलेली ७२० रुपयांची करवजावट परत करावी लागते. त्याला त्याचा कर कमी करून घ्यायचा असेल, तर पुरवठ्याचे आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, अथवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असल्यास तोपर्यंतच, ती विवरणपत्रात दाखवता येते. म्हणून डबे टेम्पोत चढवताना डिलिव्हरी चलनावर मूळ बिलाचा क्रमांक लिहून त्याची सही घ्यावी, आणि पुढच्या महिन्यात जीएसटीआर-२बी उघडून ती क्रेडिट नोट आली की नाही, हे पाहावे.