‘चुकून’ कुणाच्या?

माझा भाचा सात वर्षांचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं ताईच्या फोनवर एका गेममध्ये ८९ रुपयांचे हिरे मागितले. ताईनं हो म्हटलं, पासवर्ड टाकला आणि फोन त्याच्या हातात देऊन ती फराळाकडे वळली. त्या दुकानात पासवर्ड एकदा दिला की पुढची काही मिनिटं तो पुन्हा मागायचा नाही, अशी ‘सोय’ होती. तेवढ्या वेळात भाच्यानं आणखी पाच खरेद्या केल्या. चार ४४९ च्या, एक ८९ ची. एकूण १८८५ रुपये. पैसे दुकानाच्या वॉलेटमधून गेले. भाऊजींनी त्यात रिचार्ज कोडनं दोन हजार भरले होते. त्यामुळे बँकेचा ओटीपी आला नाही, की यूपीआयचा पिन लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ईमेल पाहून ताईच्या लक्षात आलं. भाच्याला एक धपाटा बसला. आजी म्हणाली, “चोरी करायला लागला पोरगा.” मग मला फोन आला, कारण घरात ‘कॉम्प्युटरवाला’ मीच.

परताव्याच्या फॉर्मवर कारण निवडायचं होतं: खरेदी चुकून झाली. मी ते निवडलं, पण तेव्हापासून तो शब्द मला टोचतोय. चूक कुणाची? मुलाच्या दृष्टीनं त्यानं हिरव्या बटणावर बोट ठेवलं आणि हिरे आले. आधीच्या पातळीवर नाणी आली होती, तशीच. ती नाणी फुकट होती आणि हे हिरे पैशांचे, हा फरक पडद्यावर दिसत नव्हता. तो दिसू नये म्हणूनच रुपयांचे आधी हिरे करतात. चारशे एकोणपन्नास रुपये देताना मोठा माणूसही थबकतो, पाचशे हिरे उडवताना कुणीच थबकत नाही.

हा माझा संशय नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जानेवारी २०१४ मध्ये ॲपलशी तडजोड केली, ती नेमकी याच प्रकरणात. पासवर्ड टाकल्यावर पंधरा मिनिटांची खिडकी उघडी राहत होती आणि पालकांना ते स्पष्ट सांगितलं जात नव्हतं. ॲपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत द्यावे लागले. त्याच वर्षी गूगलनं किमान १ कोटी ९० लाख डॉलर परत द्यायचं मान्य केलं. म्हणजे ही गोष्ट दहा वर्षांहून जुनी आहे. आपल्याकडे मात्र आजही पहिला प्रश्न आईलाच विचारतात: मुलाच्या हातात फोन दिलाच कशाला?

आता परताव्याकडे येऊ. मी पाचही व्यवहारांसाठी वेगवेगळी विनंती केली, कारण एकत्र करायची सोयच नव्हती. दुकानानं ८९ ची एक आणि ४४९ च्या दोन परत केल्या. उरलेल्या दोन नाकारल्या, कारण एका ओळीचं: धोरणात बसत नाही. तोच मुलगा, तीच दहा मिनिटं, तरी तीन बसतात आणि दोन बसत नाहीत. गेमच्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, “वापरलेले हिरे परत घेता येत नाहीत.” ८९८ रुपये गेले.

इथे मला इंजिनियर म्हणून बोलायचंय, कारण ‘परत घेता येत नाहीत’ हे तांत्रिक कारण असल्यासारखं सांगितलं जातं आणि समोरचा गप्प बसतो. ते तांत्रिक कारण नाही. हिरे म्हणजे कंपनीच्या डेटाबेसमधला एक आकडा. गूगल प्लेमध्ये गेमनं तीन दिवसांत खरेदीची पोच दिली नाही, तर पैसे आपोआप परत जातात. कुठल्या खरेद्या रद्द झाल्या हे गेमला कळावं आणि दिलेली वस्तू काढून घेता यावी, यासाठी वेगळी यंत्रणाच आहे. ॲपलकडे तुम्ही परतावा मागितलात, की गेमच्या कंपनीला विचारणा जाऊ शकते: या ग्राहकानं विकत घेतलेलं किती वापरलं? त्याचं उत्तर बारा तासांत द्यायचं असतं. उलटा रस्ता बांधलेला आहे. आपल्याला मात्र भिंत दाखवतात.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा. लक्षात आल्याक्षणी गेम बंद करा, हिरे खर्चू देऊ नका. मुलाची समजूत नंतर काढा. पण गेम काढून टाकण्याआधी व्यवहारांचे स्क्रीनशॉट घ्या. ॲपलसाठी reportaproblem.apple.com वर जा आणि अल्पवयीन मुलानं परवानगीशिवाय खरेदी केली, हे कारण निवडा. गूगलसाठी play.google.com वर Budget & order history मध्ये त्या खरेदीसमोर Report a problem असतं. तिथे ४८ तासांच्या आत मागणी केली तर गूगल स्वतः निर्णय घेतं, नंतर बहुतेक वेळा गेमच्या कंपनीकडे पाठवतं. खुलाशात गोष्ट सांगू नका. मुलाचं वय, पहिल्या आणि शेवटच्या खरेदीची वेळ, आणि पासवर्ड कितींदा मागितला, एवढंच लिहा. थेट बँकेत व्यवहार नाकारायचा मोह होईल. ते सर्वात शेवटी करा, कारण त्यावर दुकान तुमचं खातंच गोठवू शकतं आणि त्या खात्यावर तुमची बाकीची खरेदीही असते.

दुसरी बाजूही आहे. मोठी माणसं हिरे उडवून नंतर ‘मुलानं केलं’ म्हणतात, हे खरं आहे, आणि छोट्या गेमवाल्यांना ते महागात पडतं. पण खातं किती जुनं, याआधी किती परतावे घेतले, खरेद्या किती सेकंदांच्या अंतरानं झाल्या, हे सगळं दुकानाला दिसतं. आठ महिन्यांत एकही खरेदी नसलेल्या खात्यावर दहा मिनिटांत सहा होतात, तेव्हा त्याच क्षणी पासवर्ड पुन्हा मागणं अवघड नाही. चोर पकडायला ही माहिती पुरते, तर लेकरू ओळखायला का पुरत नाही?

कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायद्याच्या कलम ११ नुसार अल्पवयीन व्यक्ती करार करायला सक्षम नाही. तिचा करार मुळातच रद्दबातल, असं प्रिव्ही कौन्सिलनं १९०३ मध्येच मोहोरी बीबी खटल्यात ठरवलं. दुकान यावर म्हणतं, खातं आईचं, म्हणजे करारही आईशीच. पण आईनं एका खरेदीला हो म्हटलं होतं, सहांना नाही. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा डिझाइन-क्लृप्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा आधार घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवता येते. मी ८९८ रुपयांसाठी नोंदवली आहे. रक्कम छोटी आहे, म्हणून कुणी नोंदवत नाही, आणि नेमकं त्यावरच हे सगळं चालतं.

माझी मागणी साधी आहे. जितक्या टॅपमध्ये पैसे जातात, तितक्याच टॅपमध्ये पहिले ४८ तास ते परत यावेत, आणि मुलांच्या गेममध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागावा. विकत घेणं ज्यांनी एका बोटावर आणलं, त्यांना परत करणंही आणता येतं.

भाचा अजून ताईचा फोन मागत नाही. परवा मला हळूच विचारत होता, “मामा, मी खरंच चोरी केली का?” मी नाही म्हणालो. पण हे त्याला त्या दुकानानं सांगायला हवं होतं.