जीभ घसरते, पण नियमाने



'पोळी-भाजी' म्हणायला गेलेल्या माणसाच्या तोंडून 'भोळी-पाजी' असे शब्द बाहेर पडले, तर पंगतीत हशा पिकतो. बोलणारा ओशाळतो, ऐकणारे त्याची दोन दिवस थट्टा करतात आणि विषय तेथेच संपतो. भाषेच्या अभ्यासकाने मात्र तो तेथे संपवू नये. अशा उलटापालटीत जीभ वाटेल तशी घसरत नाही. ती भाषेच्या नियमांच्या चौकटीतच घसरते, आणि म्हणून भाषा आतून कशी रचलेली आहे हे या चुकांतून जितके सहज दिसते तितके शुद्ध बोलण्यातून दिसत नाही. या लेखात मला दुसरेही एक मत मांडायचे आहे. ध्वनींची अदलाबदल झाली की आपण कोणाला हसतो आणि कोणाला हसत नाही, हा भेद भाषाशास्त्राच्या आधारावर उभा नाही.

काय बदलते आणि काय जागेवर राहते

पहिल्याच उदाहरणाकडे नीट पाहू. 'पोळी-भाजी' या जोडीत 'पो' आणि 'भा' ही अक्षरे जागा बदलती, तर 'भाळी-पोजी' असे झाले असते. तसे झाले नाही. 'प' आणि 'भ' एवढी व्यंजनेच हलली. 'ओ' आणि 'आ' हे स्वर आपापल्या जागी राहिले. देवनागरीत आपण व्यंजन आणि स्वर एकत्र जोडून एक अक्षर लिहितो, त्यामुळे अक्षर हाच उच्चाराचा सर्वांत लहान तुकडा आहे असे आपल्याला वाटू लागते. बोलताना झालेली चूक सांगते की मनात व्यंजन वेगळे आणि स्वर वेगळा ठेवलेला असतो. 'वरण-भात'चे 'भरण-वात' होते, 'ताट-वाटी'चे 'वाट-ताटी' होते, तेव्हाही हेच घडते. शब्दारंभीचे व्यंजन दुसऱ्या शब्दाच्या आरंभीच्या व्यंजनाशीच जागा बदलते. स्वर हलला, तर तो स्वराशी जागा बदलतो. 'तूप-मीठ'चे 'तीप-मूठ' होते. व्यंजन जाऊन स्वराच्या जागी बसले, असे सहसा घडत नाही.

ही उदाहरणे शिकवण्याच्या सोयीसाठी मी जुळवलेली आहेत, हेही सांगायला हवे. प्रत्यक्ष बोलण्यात दोन्ही शब्द अर्थपूर्ण ठरतील अशी घसरण क्वचितच होते. बहुतेक वेळा 'गरम चहा'चे 'चरम गहा' होते, किंवा दुसरा शब्द येण्याआधीच बोलणारा स्वतःला सावरतो. या प्रकाराला इंग्रजीत ज्यांच्या नावाने 'स्पूनरिझम' म्हणतात, ते ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे विल्यम आर्चिबाल्ड स्पूनर (1844–1930). त्यांच्या नावावर खपणारे बहुतेक विनोद त्यांचे नव्हेत; ते इतरांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, रचलेले आहेत. खरी घसरण आणि रचलेला विनोद ओळखण्याची एक साधी खूण आहे. उलटापालट जितकी सफाईदार आणि अर्थ जितका चपखल, तितकी ती मुद्दाम रचलेली असण्याची शक्यता अधिक.

प्रत्यय जागचा हलत नाही

आता शब्दांची अदलाबदल पाहू. घाईच्या वेळी स्वयंपाकघरात 'डब्यात साखर घाल' याऐवजी 'साखरेत डबा घाल' असे वाक्य निघून जाते. हे वाक्य घरोघरी हसून सोडून दिले जाते, पण त्यात मराठी व्याकरणाचा एक धडाच आहे. 'डबा' आणि 'साखर' या शब्दांनी जागा बदलल्या. 'त' हा प्रत्यय मात्र वाक्यातील आपल्या जागीच राहिला. शिवाय 'डब्या' हे सामान्यरूप सुटून 'डबा' हे मूळ रूप परत आले, आणि 'साखर'चे 'साखरे' असे बिनचूक सामान्यरूप झाले. 'साखऱ्यात डब्या घाल' असे कोणाच्या तोंडून निघत नाही. याचा अर्थ असा की मन आधी शब्द निवडून वाक्यातल्या जागांवर ठेवते, आणि कोणत्या शब्दाचे सामान्यरूप कसे करायचे हे त्यानंतर ठरते. चूक पहिल्या टप्प्यावर झाली. दुसऱ्या टप्प्याने तिच्यावरही व्याकरण चोख चालवले. व्हिक्टोरिया फ्रॉमकिन या अमेरिकन भाषावैज्ञानिक विदुषीने 1971 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात इंग्रजीतील अशा चुका तपासून हाच निष्कर्ष काढला होता. आपल्याला तो मराठीत, तोही घरबसल्या, पडताळून पाहता येतो.

लोणारचे 'णोलार' का होत नाही

नियमाची पकड किती घट्ट असते, हे पाहण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील बीबी या गावी जाऊ. 'बीबी' हे नाव ध्वनींच्या अदलाबदलीला दादच देत नाही. दोन्ही अक्षरे सारखीच असल्याने ती उलटी केली तरी नाव तेच राहते. पण बीबी ज्या तालुक्यात आहे त्या 'लोणार'चे काय? यातील 'ल' आणि 'ण' यांची अदलाबदल केली तर 'णोलार' होते. मराठीभाषकाची जीभ कितीही घसरली तरी असे निघण्याचा संभव फार कमी, कारण मराठी शब्दाच्या आरंभी 'ण' येत नाही. 'ळ'ही येत नाही. जी जागा भाषेने एखाद्या ध्वनीला नाकारलेली असते, ती जागा चूकही त्याला देत नाही.

आता याच भागातील वऱ्हाडी बोली ऐका. तीत 'ण'चा 'न' होतो. 'पाणी'चे 'पानी' आणि 'लोणार'चे 'लोनार'. येथे अदलाबदलीला वाट मोकळी होते, कारण 'न' शब्दारंभी येऊ शकतो, आणि 'नोलार' ही घसरण शक्य होते. प्रमाण मराठी बोलणाऱ्याची आणि वऱ्हाडी बोलणाऱ्याची चूक अशी वेगवेगळी होईल. बोलीला स्वतःचे नियम असतात, याचा याहून सोपा पुरावा शोधावा लागणार नाही. जिला नियम नाहीत, तिच्यात नियमाने चूकही होणार नाही.

घसरण की रूढी

आतापर्यंतच्या चुका क्षणिक होत्या. परंतु ध्वनींची अदलाबदल कधी कधी एका माणसाच्या जिभेवरून साऱ्या समाजाच्या जिभेवर जाते आणि तेथेच स्थिरावते. तिला आपण वर्णविपर्यय म्हणतो. ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. यास्काच्या निरुक्तात तिची नोंद आहे, आणि पतंजलीने महाभाष्यात 'सिंह' हा शब्द 'हिंस्' या धातूतील वर्णांच्या अदलाबदलीने साधला आहे. 'लघुक'पासून 'हलका' आणि 'वाराणसी'पासून 'बनारस' हीही परिचित उदाहरणे आहेत.

मराठीत तर या विपर्ययाचे एक पूर्ण कुटुंबच आहे. संस्कृतात 'चिह्न' आहे, आपण 'चिन्ह' लिहितो. तेथे 'प्रह्लाद' आहे, आपण 'प्रल्हाद' म्हणतो. 'जिह्वा'ची आपण 'जिव्हा' केली. 'ब्राह्मण' आजही मुळाप्रमाणे लिहितो, पण उच्चारताना 'ब्राम्हण' असेच म्हणतो. सर्वत्र 'ह' आधीच्या जागेवरून नंतरच्या जागेवर गेला आहे. याचे कारण मराठीच्या स्वतःच्या शब्दांत सापडते. म्हैस, न्हावी, कोल्हा, व्हावे या शब्दांमुळे 'म्ह', 'न्ह', 'ल्ह', 'व्ह' हे उच्चार आपल्या जिभेला लहानपणापासून सवयीचे आहेत. 'ह्म', 'ह्न', 'ह्ल', 'ह्व' मात्र परके आहेत. जिभेने परक्याला घरच्या साच्यात ओतले.

येथे माझा आक्षेप सुरू होतो. 'नुकसान'चे 'नुसकान', 'मतलब'चे 'मतबल', 'रिक्षा'ची 'रिश्का' आणि 'डेस्क'चा 'डेक्स' हीदेखील ध्वनींच्या अदलाबदलीचीच उदाहरणे आहेत. तरीही 'नुसकान' म्हणणाऱ्या शेतकऱ्याला आपण अडाणी ठरवतो, आणि 'चिन्ह' लिहिणाऱ्याला सुशिक्षित. दोन्ही ठिकाणी प्रक्रिया एकच आहे. फरक इतकाच की एका विपर्ययाला लेखनाची आणि शाळेची मान्यता मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही. प्रमाण लेखनात 'नुकसान'च लिहावे, परीक्षेतही तेच लिहावे, याविषयी वाद नाही; सर्वांना समजणारे एक लेखनरूप समाजाला लागते. पण 'नुसकान' म्हणणे हा बुद्धीचा दोष आहे, असे मानण्यास भाषाशास्त्रात कोणताही आधार नाही. आपल्यापैकी अनेकांनी शिक्षण मध्येच सोडले आणि प्रौढपणी पुन्हा हाती घेतले. वर्गात कोणीतरी उच्चाराला हसल्यावर तोंड मिटून बसण्याचा अनुभव त्यांतील काहींना असेल. त्यांनी हा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा.

नवी भाषा शिकणाऱ्यासाठी

मराठी नव्याने शिकणाऱ्या व्यक्तीच्या बोलण्यात उलटसुलट ध्वनी ऐकू आले, तर हसण्याआधी तिला एवढेच सांगावे: 'पुन्हा एकदा सावकाश म्हणा.' सावकाश म्हणताना उच्चार आपोआप सुधारला, तर ती क्षणिक घसरण होती. तशी ती तुमची-आमचीही होते, आणि तिच्यावर उपाय करण्याचे कारण नाही. सावकाश म्हणतानाही 'नुसकान' असेच आले आणि भोवतालची माणसेही तसेच म्हणत असतील, तर तो रूढ विपर्यय आहे. तेथे केवळ लेखनरूप वेगळे शिकवावे. पण प्रत्येक वेळी 'काळा'चे 'काला' होत असेल, तर ही अदलाबदल नव्हेच. तो ध्वनी तिच्या भाषेत नाही, किंवा अजून तिच्या कानाला वेगळा ऐकू येत नाही. हिंदी ज्यांची पहिली भाषा आहे, त्यांच्या बाबतीत असे वारंवार घडते. येथे मात्र सराव हवा.

तो सराव उलटापालटीच्या खेळातूनच करता येतो. 'काळा माठ' ही जोडी घ्या आणि केवळ पहिली व्यंजने बदलायला सांगा. 'माळा काठ' असे उत्तर आले पाहिजे. शिकणाऱ्याचे सारे लक्ष 'क' आणि 'म' बदलण्याकडे असते. तरीही 'ळ' आणि 'ठ' शाबूत राहिले, तर ते ध्वनी तिला खरोखर आले आहेत असे समजावे. 'माला काट' असे ऐकू आले, तर नेमका कोणता ध्वनी कच्चा आहे हे तेथल्या तेथे कळते. नुसते वाचून घेतल्याने हे कळत नाही, कारण डोळ्यांसमोरचे अक्षर जिभेला आधार देत असते.

स्वाध्याय : पुढील आठ दिवस घरात, शेतात वा कामाच्या ठिकाणी ऐकू आलेल्या ध्वनींच्या किंवा शब्दांच्या अदलाबदली वहीत टिपून ठेवा. प्रत्येक नोंदीपुढे काय हलले (व्यंजन, स्वर की शब्द), काय जागेवर राहिले आणि बोलणाऱ्याने स्वतः दुरुस्ती केली का, हे लिहा. बोलणाऱ्याचे नाव लिहू नका. नोंद चुकीची आहे, माणसाची नव्हे.