‘महोदय, वरील विषयास अनुसरून’

आपल्याकडे शाळेत पत्रलेखन शिकवतात ते मुळात अर्जलेखन असतं. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय विनंती करतो की.’ रजेचा अर्ज, बसपासचा अर्ज, फी माफीचा अर्ज. समोरच्याच्या हातात काहीतरी असतं आणि ते द्यायचं की नाही हे तो ठरवतो. म्हणून आपण वाकतो, त्याला मोठं म्हणतो, आपली परिस्थिती मांडतो आणि शेवटी ‘कृपा व्हावी’ लिहितो. तहसील कार्यालयात हे चालतं. अनोळखी संशोधकाला पहिला मेल लिहिताना हीच भाषा वापरली की तो मेल न वाचताच खाली सरकतो. त्यावर मुलं म्हणतात, ‘मोठी माणसं आपल्यासारख्यांना उत्तर देत नाहीत.’ हे वाक्य मी हिंगोलीत भौतिकशास्त्र शिकवताना दर वर्षी ऐकते. माझं त्याच्याशी भांडण आहे.

आमच्या जिल्ह्यात हे मेल सध्या बरेच लिहिले जातात, त्याला कारण आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांतून धावणारा लेझर. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. पुण्याची आयुका ही संस्था या प्रकल्पात आहे. त्यामुळे बी.एस्सी.चं पोर मोबाइल उघडतं, पुण्यातल्या कोणातरी शास्त्रज्ञाचा पत्ता शोधतं आणि अर्ज लिहितं.

त्याच आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी येईल. मुलं पाठवत आणि उत्तरं येत. नारळीकरांच्या मोठेपणाचा किस्सा म्हणून हे सांगितलं जातं. मला त्यातली पोस्टकार्डाची अट जास्त महत्त्वाची वाटते. पोस्टकार्डावर ‘लहानपणापासून मला ताऱ्यांची ओढ आहे’ लिहायला जागा नसते. एक प्रश्न मावतो, आणि त्याचं उत्तरही तेवढ्याच कार्डावर मावतं. ईमेलला अशी कड नाही, म्हणून ती आपण आखावी लागते.

औंढा तालुक्यातल्या माझ्या एका विद्यार्थिनीचा मेल आम्ही कसा छाटला ते सांगते. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचा पहिला मसुदा तीनशेहून जास्त शब्दांचा होता. सुरुवातीला चार ओळी समोरच्याच्या थोरवीच्या. मग दहावी-बारावीचे टक्के, वडिलांची कोरडवाहू शेती, आपल्या तालुक्यात लायगो येतंय याचा अभिमान. शेवटी, ‘कृपया या क्षेत्रातील करिअरविषयी मार्गदर्शन करावे, इंटर्नशिपची संधी असल्यास कळवावे व माझे मेंटॉर व्हावे.’ सोबत तीन गुणपत्रिका जोडलेल्या.

आता वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसा. त्याने उत्तर म्हणून नेमकं काय टाइप करावं? ‘मार्गदर्शन’ कशाचं? हिला पायथन येतं का? संगणक आहे का? मूळ विदा कधी उघडून पाहिलीय का? उत्तर देण्याआधी त्यालाच चार प्रश्न विचारावे लागतील. बसमध्ये मोबाइलवर मेल बघणारा माणूस ‘निवांत लिहू’ म्हणतो आणि तो निवांतपणा कधी येत नाही. त्यात उद्दामपणा असतोच असं नाही. मेल उत्तर देण्याजोगा नसतो, एवढंच.

गंमत म्हणजे उत्तर देण्याजोगी गोष्ट तिच्याकडे होती. तीन आठवडे खपून तिने gwosc.org वरून GW150914 ची विदा उतरवली होती. 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिल्यांदा पकडली गेलेली गुरुत्वीय लहर ती हीच. 32 सेकंदांची फाइल, सेकंदाला 4096 नोंदी. आधी आलेखात नुसता हेलकावणारा गोंधळ दिसला. मग तिने 35 ते 350 हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवला, अमेरिकन वीजपुरवठ्याची 60 हर्ट्झची घरघर काढली आणि लहर उघडी पडली. वर चढत जाणारी, सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी. यातलं एक अक्षर मेलमध्ये नव्हतं. विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम, ते काय, नेटवर सगळेच करतात.’ टक्के मात्र दशांशासकट होते.

छाटताना मी कसोटी एकच ठेवली. या वाक्यामुळे समोरच्याचं उत्तर बदलेल का? स्तुतीने बदलत नाही. टक्क्यांनी बदलत नाही. कोरडवाहू शेतीवर आम्ही बराच वेळ अडलो. गरिबी लपवण्यासारखी गोष्ट नव्हे, पण पहिल्याच मेलमध्ये ती लिहिली की समोरचा दात्याच्या जागी बसतो, आणि दात्याकडे मागणारे पुष्कळ असतात. त्या परिस्थितीतली उत्तर बदलणारी बाब वेगळी होती: लॅपटॉप जुना, 4 जीबी रॅमचा, आणि नेट फक्त मोबाइलचं. कोणतं काम सुचवायचं हे त्यावरून ठरतं, म्हणून ते ठेवलं. ‘मेंटॉर व्हा’ काढलं, कारण ते हो म्हणण्याआधी माणसाला महिनाभर तरी तुमची ओळख हवी. गुणपत्रिका काढल्या. औंढ्याचा उल्लेख माझ्या कसोटीने जायला हवा होता, पण ती ऐकेना. मी हरले, अर्धी ओळ राहिली.

मग प्रश्न. ‘पुढे काय करू?’ हा प्रश्न नव्हे, तो समोरच्याच्या अंगावर टाकलेला भार आहे. तिच्यापुढे खरोखर दोन वाटा होत्या. GW151226 ची लहर अशी गाळूनही डोळ्यांना दिसत नाही. तिथे अपेक्षित लहरीचा नमुना विदेवरून सरकवत नेऊन तो कुठे जुळतो ते बघावं लागतं, त्याला मॅच्ड फिल्टर म्हणतात. GW170817 ही दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची लहर बरीच लांब आहे, ती वेळ आणि वारंवारतेच्या चित्रात रेघेसारखी दिसते. आधी कोणती घ्यावी, हे ज्याने दोन्ही केलंय तो चहा पिता पिता सांगू शकतो. पुस्तकात ते लिहिलेलं नसतं. विचारायचा प्रश्न असा हवा.

पाठवलेला मेल सोप्या, तुटक इंग्रजीत होता. मराठीत तो असा:

‘विषय: GW150914 नंतर GW151226 की GW170817?

नमस्कार. मी हिंगोलीत बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, राहते औंढा नागनाथ तालुक्यात. GW150914 ची 32 सेकंदांची विदा मी पायथनमध्ये गाळली, दोन्ही वेधशाळांची लहर दिसली (आलेख सोबत). पुढच्या दोन महिन्यांत एकच शिकायचं आहे. GW151226 वर मॅच्ड फिल्टर आधी शिकू, की GW170817 चं वारंवारतेचं चित्र? लॅपटॉप 4 जीबीचा आहे. मला पहिलं बरं वाटतं, कारण पुढे सगळीकडे तेच लागेल असं दिसतं. एका ओळीचं उत्तर पुरेल. दुसऱ्या कोणाला विचारणं योग्य असेल तर नाव सांगितलंत तरी चालेल.’

शेवटची दोन वाक्यं काहींना जास्त नम्र वाटतील. मला ती सोयीची वाटतात. एका ओळीत सुटण्याची परवानगी मिळाली की माणूस ती ओळ लिहितो. आणि ‘मला पहिलं बरं वाटतं’ हे असायलाच हवं: समोरच्याला नुसतं ‘बरोबर’ म्हणूनही उत्तर देता येतं.

हा मेल संचालकांना गेला नाही, विदेवर रोज काम करणाऱ्या एका पोस्टडॉकला गेला. आपल्या पोरांना सगळ्यांत वरच्या पायरीवर अर्ज करायची सवय असते, कारण अर्ज मंजूर करणारा वर बसतो. प्रश्नाचं उत्तर असणारा बहुधा दोन-तीन पायऱ्या वरच असतो, आणि हाच फाटा त्याने नुकताच ओलांडलेला असतो.

अकरा दिवस काही आलं नाही. मग त्याच मेलखाली एका ओळीची आठवण पाठवली. एकदाच, दुसऱ्यांदा पाठवायची नाही असं ठरवून. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: GW151226. GW170817 च्या लिव्हिंग्स्टनच्या विदेत विलीनीकरणाच्या साधारण सेकंदभर आधी मोठा ग्लिच आहे, त्यात अडकशील. पण त्याआधी मॅच्ड फिल्टर GW150914 वरच चालव, तिथे उत्तर माहीत आहे. चुकलीस तर कळेल.

यावर आक्षेप येतो, की सगळा भार मुलांवरच का? मोठ्यांनी लांब मेल वाचू नयेत का? वाचावेत. सरकारी पगारावर संशोधन करणाऱ्यांनी जिल्ह्यातल्या मुलांना उत्तर द्यावं, हे माझं ठाम मत आहे. रामानुजननी 16 जानेवारी 1913 ला मद्रासहून हार्डींना पत्र लिहिलं, त्याआधी केंब्रिजच्या दोन गणितज्ञांकडून त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं. पत्र चांगलं असूनही पडून राहू शकतं. पण तेच पत्र पुन्हा बघा. मी पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत कारकून, पगार वर्षाला वीस पौंड, एवढी ओळख थोडक्यात दिली आणि मग पानांमागून पानं प्रमेयं. हार्डींना तपासायला काहीतरी ठोस मिळालं, आणि त्यांनी ते लिटलवुडबरोबर बसून तपासलं. नुसत्या बुद्धीचं वर्णन त्यांना कोणाबरोबर बसून तपासता आलं असतं?

करिअर कार्यशाळांमधून वाटले जाणारे तयार नमुने म्हणूनच मला खुपतात. ‘मी तुमच्या कामाने अत्यंत प्रभावित झालो आहे’ या वाक्यात नाव बदला, ते कोणालाही चालतं, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत समजतं. नमुना नुसते शब्द पुरवतो. वरच्या मेलमधले शब्द तीन आठवड्यांच्या खटपटीतून आलेत. एखाद्याचा मेल या कसोटीने छाटला आणि हातात फक्त ‘नमस्कार’ उरला, तर मी त्याला मेल सुधारायला बसवत नाही, विदा उतरवायला बसवते.

दोन आठवड्यांनी तिने दुसरा मेल पाठवला. सुचवलेलं केलं, शिखर योग्य क्षणी आलं, आलेख जोडलाय. पण नमुन्याचं वस्तुमान थोडं बदललं तरी शिखर फारसं खाली येत नाही, हे अपेक्षित आहे की माझ्या कोडमध्ये घोळ आहे? या वेळी उत्तर त्याच संध्याकाळी आलं. दोन परिच्छेदांचं, आणि शेवटी ‘मंगळवारी वीस मिनिटं बोलता येईल का?’ मंगळवारी औंढ्याला वीज नव्हती, म्हणून ते बोलणं बुधवारी झालं, फोनवर.